२.३३ टेम्पो विकत मिळत नाहीत: राउंड केलेलं उत्तर का फसतं

हा एपिसोड ऐकताना आकडे कानावरून निसटून जातात, म्हणून नेहमीप्रमाणे लेखी रूप इथे देतोय. जमलं तर कागद-पेन घ्या. नाहीतर फोनवर एका हाताने स्क्रोल करत वाचलं तरी चालेल, कारण आजची सगळी गणितं दोन आकड्यांची आहेत.

मागच्या एपिसोडमध्ये आपण लिनिअर प्रोग्रॅमिंग बघितलं होतं. बारावीला ज्यांना हे होतं त्यांना ग्राफ पेपर आठवत असेल: दोन-तीन रेषा काढायच्या, मधला भाग रंगवायचा, कोपरे शोधायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावर नफा मोजायचा. सगळ्यात जास्त नफ्याचा कोपरा म्हणजे उत्तर. त्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली, आणि विचारली म्हणण्यापेक्षा गृहीत धरली: "कोपऱ्यावर २.३३ आलं तर २ धरायचं, २.६७ आलं तर ३ धरायचं. एवढंच ना?"

एवढंच नाही. तसं केलं तर दोन वेगवेगळे घोटाळे होतात. एक म्हणजे राउंड केलेलं उत्तर नियमातच बसत नाही. दुसरा जास्त फसवा आहे. उत्तर नियमात बसतं, दिसायलाही बरं दिसतं, पण खरं उत्तम उत्तर भलतीकडेच असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

हा प्रश्न आपल्यालाच पडलाय असं नाही. १९५७ मध्ये राल्फ गोमोरी नावाचा तरुण गणिती प्रिन्स्टनमध्ये होता आणि अमेरिकन नौदलासाठी सल्लागार म्हणून काम करायचा. नौदलाच्या ताफ्याचं एक लिनिअर प्रोग्रॅमिंग मॉडेल त्याच्यासमोर मांडलं गेलं. मांडणारा जाता जाता म्हणाला, की उत्तरं पूर्ण संख्यांत मिळाली तर बरं होईल, कारण १.३ विमानवाहू जहाजं या उत्तराचं करायचं काय? गोमोरीच्या डोक्यात तो किडा शिरला आणि १९५८ मध्ये त्याने पूर्णांक उत्तर शोधण्याची पद्धत छापली. विचार करा, १.३ राउंड करून १ म्हणणं त्या खोलीतल्या कुणालाही सुचलं असतं. पण एका विमानवाहू जहाजाचा फरक म्हणजे चिल्लर नव्हे, आणि १ धरल्यावर बाकीच्या जहाजांचे आकडे तेच राहतील याची खात्रीही नाही.

आपल्याकडे विमानवाहू जहाज नाही, म्हणून आपण टेम्पो घेऊ.

समजा एक माणूस मालवाहतुकीचा धंदा सुरू करतोय. हातात २८ लाख रुपये आहेत. जुना छोटा टेम्पो ४ लाखाला मिळतो, मोठा ७ लाखाला. भरवशाचे ड्रायव्हर पाचच आहेत, म्हणजे गाड्या पाचपेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही. छोटा टेम्पो सगळा खर्च जाऊन महिन्याला १५ हजार देतो, मोठा २५ हजार. छोटे किती घ्यायचे, मोठे किती?

आधी नेहमीच्या पद्धतीने सोडवू. दोन्ही अटी काठोकाठ वापरायच्या: गाड्या बरोबर ५ आणि खर्च बरोबर २८ लाख. पाचही गाड्या छोट्या घेतल्या तर २० लाख लागतात, ८ लाख उरतात. एक छोटा काढून त्या जागी मोठा घेतला की ३ लाख जास्त लागतात. मग ८ लाखात असे किती बदल बसतील? ८ भागिले ३, म्हणजे २.६७. तर मोठे २.६७ आणि छोटे २.३३. नफा महिन्याला १,०१,६६७ रुपये. बाकीचे कोपरे तपासले तर सगळे याच्या खाली येतात. पाच छोटे घेतले तर ७५ हजार, आणि फक्त मोठे चार घेतले तर १ लाख. तेव्हा लिनिअर प्रोग्रॅमिंगचं उत्तर ठरलं: २.३३ छोटे, २.६७ मोठे.

आता राउंड करू. २.३३ म्हणजे २ आणि २.६७ म्हणजे ३. दोन छोट्यांचे ८ लाख, तीन मोठ्यांचे २१ लाख, एकूण २९ लाख. खिशात २८. एक लाख कमी पडतात, विषय संपला. हे उत्तर नियमातच बसत नाही.

इथे जरा थांबा, कारण एक खूण शिकण्यासारखी आहे. दोन छोटे आणि तीन मोठे यांचा नफा काढा: ३० हजार अधिक ७५ हजार, म्हणजे १ लाख ५ हजार. आपल्या 'उत्तम' उत्तराचा नफा होता १,०१,६६७. राउंड केल्यावर नफा वाढला? अपूर्णांक चालतील इतकी सूट देऊनही १,०१,६६७ च्या वर जाता येत नाही, तर पूर्ण गाड्यांची जास्तीची अट घातल्यावर कसं जाईल? म्हणजे राउंड केल्यावर आकडा मूळ उत्तरापेक्षा चांगला दिसायला लागला, तर खुश होऊ नका. कुठलीतरी अट नक्की मोडली आहे. कुठली ते शोधायच्या आधीच एवढं सांगता येतं.

बरं, मग दोन्ही आकडे खाली ओढू. दोन छोटे, दोन मोठे. खर्च २२ लाख, गाड्या ४. अटीत बसतंय. नफा ८० हजार. पण ६ लाख रुपये पडून आहेत आणि एक ड्रायव्हर रिकामा बसलाय. म्हणजे त्या ६ लाखात अजून एक छोटा टेम्पो सहज येतो. तो घेऊ: तीन छोटे, दोन मोठे. खर्च २६ लाख, गाड्या ५, नफा ९५ हजार. ड्रायव्हर सगळे कामाला, २ लाख शिल्लक, त्या २ लाखात काहीच येत नाही. बहुतेक लोक इथे थांबतील, आणि मला वाटतं थांबणं स्वाभाविक आहे. २.३३ च्या शेजारचे पूर्णांक २ आणि ३, २.६७ च्या शेजारचेही २ आणि ३. चार जोड्या होतात. त्यातल्या दोन बजेटच्या बाहेर (३ छोटे आणि ३ मोठे म्हणजे तर ३३ लाख आणि सहा ड्रायव्हर), एक ८० हजारांची, एक ९५ हजारांची. चारही तपासल्या, सगळ्यात चांगली घेतली. अजून काय करायचं?

तरीही उत्तर चुकलं. छोटा एकही नको, मोठे चार घ्या. खर्च बरोबर २८ लाख, गाड्या ४, नफा १ लाख. एक ड्रायव्हर रिकामा राहतो, तो राहू दे.

लक्षात घ्या, हे उत्तर कोपऱ्याच्या शेजारचं नाहीच. कोपरा सांगत होता दोन-अडीच छोटे घ्या, खरं उत्तर सांगतंय एकही घेऊ नका. राउंड करणारा माणूस २.३३ पासून शून्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही, कारण राउंड करणं म्हणजेच जवळ राहणं.

असं का होतं, हा आजचा खरा मुद्दा आहे.

ग्राफ डोळ्यांसमोर आणा. आडवी बाजू छोटे टेम्पो, उभी बाजू मोठे. अटींमुळे एक वावर तयार झालंय, त्याला बांध घातलेत. एक बांध बजेटचा, एक ड्रायव्हरांचा. हे दोन बांध जिथे भेटतात तो आपला कोपरा. नफा म्हणजे एक लांब पट्टी, जी आपण एकाच तिरक्या दिशेने वर सरकवत नेतो. वावराला शेवटचा स्पर्श जिथे होतो ते लिनिअर प्रोग्रॅमिंगचं उत्तर.

आता त्या पट्टीचा उतार आणि बजेटच्या बांधाचा उतार जवळजवळ सारखा आहे. बजेटमध्ये एका छोट्याची किंमत मोठ्याच्या ४/७, म्हणजे साधारण ०.५७. नफ्यात एका छोट्याची किंमत मोठ्याच्या १५/२५, म्हणजे ०.६. फरक अगदी थोडा. त्यामुळे कोपऱ्यापासून बजेटच्या बांधावरून चालत गेलात तर कितीही लांब जा, नफा फारसा घटत नाही. कोपऱ्यापासून थेट 'शून्य छोटे, चार मोठे' इथपर्यंत गेलो तरी नफा फक्त १,६६७ रुपयांनी उतरतो. आणि बांध सोडून वावराच्या आत उतरलात तर? 'दोन छोटे, दोन मोठे' हा बिंदू कोपऱ्यापासून हाताच्या अंतरावर आहे, पण तिथे नफा २१,६६७ रुपयांनी पडतो.

म्हणजे कागदावरचं अंतर आणि नफ्यातलं अंतर ही दोन वेगळी मापं आहेत. राउंड करणं कागदावरचं अंतर बघतं. आपल्याला पर्वा आहे नफ्याची. अपूर्णांक चालत होते तोवर ही भानगड नव्हती, कारण कोपरा स्वतःच उपलब्ध होता. तो काढून घेतला की पुढचा चांगला बिंदू कुठे पडेल ते पूर्णांकांची जाळी बांधाला कुठे शिवते यावर ठरतं. आणि ती जाळी बजेटच्या बांधाला त्या पट्ट्यात एकाच ठिकाणी बरोबर शिवते: चार मोठे, २८ लाख.

पैशाच्या भाषेत सांगायचं तर राउंड करून आत उतरल्यावर जे २ लाख किंवा ६ लाख उरले, ते मूळ गणिताच्या लेखी फुकट जाणार नव्हते. तिथे उरलेल्या २ लाखात छोट्याचा एक तुकडा सोडून त्या जागी मोठ्याचा तेवढाच तुकडा घेता येत होता. खऱ्या बाजारात त्या २ लाखाची किंमत शून्य. मूळ गणिताला सुट्टे पैसे कधीच उरत नाहीत, आपल्याला उरतात.

कुणी म्हणेल, निदान खाली राउंड करणं तरी सुरक्षित आहे, अट तरी मोडत नाही. या उदाहरणात खरं आहे, कारण दोन्ही अटी 'यापेक्षा जास्त नको' अशा आहेत आणि त्यात वजाबाकी कुठे नाही. कमी घेतलं तर कमीच लागतं. पण अट 'बरोबर इतकंच' किंवा 'निदान इतकं तरी' अशी असली की खाली राउंड करणंही बुडवतं.

समजा ३१ लिटर दूध कॅनमध्ये भरून पाठवायचंय. कॅन दोन मापांचे, ५ लिटरचा आणि ७ लिटरचा. कॅन अर्धवट भरायचा नाही, कारण अर्ध्या कॅनमधलं दूध रस्त्यात हिंदकळून घुसळलं जातं. कमीत कमी कॅन वापरायचे. लिनिअर प्रोग्रॅमिंग सरळ सांगतं: मोठा कॅन जास्त दूध खातो, तेव्हा सगळं ७ लिटरच्याच कॅनमध्ये भरा, ४.४३ कॅन लागतील. ५ लिटरचे शून्य. खाली राउंड करा: ४ कॅन, २८ लिटर, ३ लिटर दूध हातात. वर राउंड करा: ५ कॅन, ३५ लिटर जागा, शेवटचा कॅन अर्धवट. दोन्ही बाद. इथे राउंड करून बसणारं एकही उत्तर नाही.

खरं उत्तर आहे ७ लिटरचे तीन आणि ५ लिटरचे दोन: २१ अधिक १०, बरोबर ३१. यात बघण्यासारखं असं, की पहिल्या उत्तरात ५ लिटरच्या कॅनचा आकडा शून्य होता. शून्य तर आधीच पूर्णांक. त्याला राउंड करायला कुणी हात लावणारच नाही. आणि नेमका तोच बदलायला हवा होता. जो आकडा आधीच पूर्ण दिसतोय तो बरोबर आहे असं मानण्याला काहीच आधार नसतो.

हो-नाही स्वरूपाच्या निर्णयांत तर हे अजून वाईट. तीन चौक, प्रत्येक दोन चौकांना जोडणारा एक रस्ता, म्हणजे तीन रस्ते, त्रिकोण. प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाच्या चौकात कॅमेरा हवा. कमीत कमी किती कॅमेरे? लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतं, प्रत्येक चौकात अर्धा कॅमेरा लावा. कुठलाही रस्ता घ्या, दोन्ही टोकांचा मिळून एक होतो, अट पूर्ण, एकूण दीड कॅमेरा. आता अर्धा राउंड कुठे करणार? खाली केलं तर तिन्ही चौक रिकामे आणि एकही रस्ता दिसत नाही. वर केलं तर तीन कॅमेरे, एक जास्तीचा. उत्तर दोन आहे. पण कुठले दोन? तिन्ही चौकांचे आकडे सारखेच, ०.५, तेव्हा राउंड करण्याच्या नियमाला एक खाली आणि दोन वर करायचे हे कळायचा मार्गच नाही.

मग राउंड करणं कायमच चूक का? तसंही नाही, आणि हे सांगितलं नाही तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. तोच टेम्पोवाला घ्या, पण सगळं हजारपट करा: २८ हजार लाख रुपये, पाच हजार ड्रायव्हर. कोपरा येतो २,३३३.३३ छोटे, २,६६६.६७ मोठे. दोन्ही खाली राउंड केले तर नफा मूळ उत्तरापेक्षा तेवढाच, २१,६६७ रुपयांनी कमी. पण आता एकूण नफा दहा कोटींच्या वर आहे. हा फरक शोधण्यात वेळ घालवणारा माणूस त्या वेळात जास्त कमवेल. आकडे हजारांत असले की राउंड करा, फक्त राउंड केल्यावर प्रत्येक अट परत तपासा. आकडे एक, दोन, तीन असे असले की तो नाद सोडा. १.३ विमानवाहू जहाजं हे उत्तर नेमकं म्हणूनच निरुपयोगी होतं.

काही प्रश्नांत तर राउंड करायची वेळच येत नाही. पाच कामं पाच माणसांना वाटायची, प्रत्येकाला एक काम, खर्च कमीत कमी: या प्रकारच्या वाटपाच्या गणितात प्रत्येक कोपरा आपोआप शून्य किंवा एकचा असतो. अटींच्या आकड्यांची रचनाच तशी असते. हे का होतं ते हॉफमन आणि क्रुस्कल या दोघांनी १९५६ मध्ये नीट मांडलं. गोदामांतून दुकानांत माल पाठवायच्या गणितातही साठे आणि मागण्या पूर्ण संख्येत असतील तर कोपरे पूर्ण संख्येतच येतात. पण हे नशीब नाजूक असतं. त्याच वाटपात 'एकूण प्रवासखर्च इतक्या रुपयांच्या आत' अशी एक ओळ घातली की अपूर्णांक परत डोकं वर काढू शकतात.

आता, बरोबर उत्तर काढतात कसं? सगळ्या जोड्या तपासून? टेम्पोत ते जमेल, कारण जोड्या वीसच्या आतच आहेत. पण निर्णय ३० असतील तर फक्त कोपऱ्याच्या शेजारचे वर-खाली पर्याय १०७ कोटींवर जातात, आणि उत्तर त्यांच्यात असेलच असंही नाही, हे आपण बघितलं.

१९६० मध्ये आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी एक पद्धत छापली. त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काम करायच्या. आज तिला ब्रँच अँड बाउंड म्हणतात. मला ती फार आवडते, कारण ती राउंड करण्याच्या अगदी उलट वागते. ती अपूर्णांक बघून 'जवळचा कुठला' असं विचारत नाही. ती म्हणते, २.६७ मोठे टेम्पो शक्य नाहीत ना? मग मोठे एकतर २ किंवा कमी असतील, नाहीतर ३ किंवा जास्त. मधली पट्टी कापून टाका आणि दोन वेगळी गणितं सोडवा.

करून बघू. मोठे २ किंवा कमी असतील तर कोपरा येतो तीन छोटे, दोन मोठे, ९५ हजार. पूर्ण संख्या आहे, खिशात ठेवा. दुसऱ्या बाजूला, मोठे ३ किंवा जास्त: कोपरा १.७५ छोटे, ३ मोठे, नफा १,०१,२५०. हा ९५ हजारांच्या वर आहे, म्हणजे या फांदीत अजून काही चांगलं सापडू शकतं. आता छोट्यांचा अपूर्णांक फोडा. छोटे २ किंवा जास्त घेतले तर २९ लाख लागतात, फांदी मेली. छोटे १ किंवा कमी असतील तर कोपरा १ छोटा, ३.४३ मोठे, नफा १,००,७१४. परत मोठे फोडा. ३ किंवा कमी असतील तर एक छोटा, तीन मोठे, ९० हजार. खिशातले ९५ हजार त्यापेक्षा बरे. ४ किंवा जास्त असतील तर शून्य छोटे, चार मोठे, १ लाख. फांद्या संपल्या. १ लाख हेच उत्तर, आणि ते नुसतं सापडलं नाही, सिद्धही झालं.

खरं सांगायचं तर या उदाहरणात सिद्धता त्याआधीच हातात होती. प्रत्येक टेम्पोचा नफा ५ हजारांच्या पटीत आहे, म्हणून पूर्ण टेम्पोंचा कुठलाही नफा ५ हजारांच्याच पटीत येणार. अपूर्णांकांचं उत्तर सांगतंय की १,०१,६६७ च्या वर जाता येत नाही. त्याखालची ५ हजारांची पट म्हणजे बरोबर १ लाख. तेव्हा कुणी १ लाखाचं उत्तर आणून दिलं की शोध बंद. आणि ९५ हजारांवर थांबलेल्याला एवढं तरी कळायला हवं होतं, की वर अजून एका पायरीची जागा आहे. ती पायरी अस्तित्वात आहेच असं नाही, पण शोधल्याशिवाय नाही म्हणता येत नाही. दुधाच्या कॅनचंही तसंच: ४.४३ पेक्षा कमी कॅन चालत नाहीत, म्हणजे निदान ५. आणि पाच कॅनचं उत्तर सापडलं, म्हणजे झालं. तेव्हा कोपऱ्यावरचा अपूर्णांक फेकून देऊ नका. किती घ्यायचं हे तो सांगत नाही, पण यापेक्षा चांगलं मिळणार नाही ही हद्द तो पक्की सांगतो. राउंड करायचीच असेल तर ही हद्द करा: नफ्याची खाली, खर्चाची वर. तिथे ते बरोबर आहे.

ज्यांना हे स्वतः चालवून बघायचंय त्यांच्यासाठी, पायथनमध्ये PuLP नावाची फुकट लायब्ररी आहे. टेम्पोचं अख्खं गणित एवढंच:

```python
from pulp import *
m = LpProblem("tempo", LpMaximize)
x = LpVariable("x", lowBound=0, cat="Integer")
y = LpVariable("y", lowBound=0, cat="Integer")
m += 15000*x + 25000*y
m += 4*x + 7*y <= 28
m += x + y <= 5
m.solve()
print(value(x), value(y))
```

यातला `cat="Integer"` दोन्हीकडून काढून टाका आणि परत चालवा. ० आणि ४ च्या जागी २.३३ आणि २.६७ येतील. मग बजेट २८ ऐवजी २९ करून पूर्णांकांसह चालवा. आता दोन छोटे आणि तीन मोठे बरोबर बसतात आणि नफा १ लाख ५ हजार होतो. एक लाखाच्या फरकाने अख्खी यादी बदलली, शून्य छोट्यांचे दोन झाले.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी: सॉल्व्हरमध्ये अट घालताना `int` निवडा, आणि ऑप्शन्समध्ये `Ignore Integer Constraints` ला टिक नाही ना ते बघा. ती टिक असेल तर तुम्ही घातलेली `int` ची अट मुकाट्याने बाजूला राहते आणि स्क्रीनवर अपूर्णांक येतात. सेलचं फॉरमॅट दशांश न दाखवणारं असेल तर तेही कळत नाही: पडद्यावर २ आणि ३ दिसतात, आत २.३३ आणि २.६७ असतात, आणि खर्चाच्या सेलमध्ये मात्र बरोबर २८ दिसतात. त्यामुळे पडद्यावरच्या २ आणि ३ चा खर्च एकदा हाताने करा. २९ आले की समजा, एक्सेलने राउंड केलेला आकडा फक्त तुम्हाला दाखवलाय.